गुरुवारी गेलेला मेल: नवीन सहकाऱ्याच्या पहिल्या आठवड्याचं एक प्रकरण

नागपूरच्या आयटी पार्क परिसरात आमचं छोटं ऑफिस आहे. पतसंस्थांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवणं आणि ते वापरणाऱ्यांना मदत करणं हे आमचं काम. मी मदत विभाग सांभाळतो. विदर्भातल्या गावोगावच्या पतसंस्थांमधून कॅशियर, क्लार्क, कधी थेट व्यवस्थापक फोन करतात, आणि आमची नऊ जणांची टीम त्यांच्या अडचणी सोडवते. कॅशियरशी मराठीतच बोलायचं असल्यामुळे आमचा अंतर्गत पत्रव्यवहारही मराठीतच चालतो.

२०२४ मध्ये तीन-चार महिन्यांच्या अंतरानं आमच्याकडे दोन नवीन माणसं रुजू झाली. दोघांनाही पहिल्या दिवसाआधी मी स्वागताचा मेल लिहिला होता. पहिल्या मेलमुळे एका चांगल्या मुलीचा आठवडा वाया गेला. दुसरा मेल तिच्याच मदतीनं घडला. ते दोन्ही मेल आणि त्यांच्यामधलं अंतर इथं मांडतो. नावं आणि फोन नंबर काढले आहेत, बाकी मजकूर होता तसाच आहे.

पहिली मुलगी यवतमाळची. पुण्यात दोन वर्षं नोकरी करून नागपूरला आली आणि मनीषनगरला पीजीमध्ये राहिली. रुजू व्हायचा दिवस सोमवार, २७ मे. नवतपा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. रविवारी रात्री जेवण झाल्यावर मी तिला हा मेल पाठवला:

> नमस्कार,
>
> आपल्या टीममध्ये मनापासून स्वागत! आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत, त्यामुळे कसलंही दडपण घेऊ नका.
>
> उद्या दहा वाजता ऑफिसला या. येताना सगळी कागदपत्रं सोबत ठेवा. सॉफ्टवेअरचं मॅन्युअल, सुट्ट्यांची यादी, फोनवर बोलण्याचे नियम, मागच्या वर्षीचा अहवाल आणि इतर काही फाइल्स जोडत आहे. सवडीनं वाचून घ्या.
>
> पहिल्या आठवड्यात फार अपेक्षा नाहीत. आधी रुळा. टीममधले सगळे मदत करतीलच. काही लागलं तर मला कधीही विचारा.

कुणीही लिहील असा हा मेल आहे. लिहिताना मला तो आपुलकीचाच वाटला, आणि आपुलकी खरीच होती. पण तो गेला तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर. खातं शनिवारीच तयार झालं होतं, आणि पत्ता लिहायला सुरुवात करताच कॉम्प्युटरनं आपोआप तोच पुढे केला. त्या खात्याचा पासवर्ड तिला मिळणार होता ऑफिसात लॅपटॉप हातात आल्यावर. म्हणजे पहिल्या दिवसाची माहिती पहिल्या दिवसाच्या कुलपाच्या आत ठेवली गेली. सोमवारी दुपारी सव्वातीनला तिनं तो उघडला तेव्हा ‘उद्या दहा वाजता या’ ही ओळ वाचून ती क्षणभर गोंधळली, आपल्याला मंगळवारी बोलावलं होतं की काय!

नेमणूकपत्रावर तारीख होती, वेळ नव्हती. म्हणून ती साडेनऊला येऊन पोचली. खाली गेटवर चौकीदाराच्या वहीत तिचं नाव नव्हतं. कुणाला भेटायचं विचारल्यावर तिनं माझं नाव सांगितलं, पण मी त्या सकाळी भंडाऱ्याला एका पतसंस्थेत गेलो होतो. दुसरं कुठलंच नाव तिला माहीत नव्हतं. पाऊण तास ती गेटजवळच्या टपरीच्या सावलीत उभी होती. नवतप्यातलं साडेनऊ ते सव्वादहाचं ऊन काय असतं, ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही. शेवटी आमच्याकडची एक ताई उशिरा आली, तिनं चौकशी केली आणि वर नेलं.

मला हे त्याच दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं. कळलं ते शुक्रवारी.

कारण ती बोललीच नाही. मी दोनदा तिच्या टेबलाजवळून जाताना ‘काय, ठीक?’ असं विचारलं आणि तिनं ‘हो सर’ म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठला मी माझं आवरून निघत होतो, तर ती एकटी बसून मॅन्युअल वाचत होती. आमची वेळ साडेसहापर्यंत आहे. अजून का थांबलात, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘निघायचं कधी ते कुणी सांगितलं नाही. दोघं-तिघं रोज उशिरापर्यंत असतात, म्हणून मीही थांबते.’ ते दोघं-तिघं संध्याकाळच्या पाळीचे. पतसंस्थांचे काउंटर बंद झाल्यावर दिवसाचा हिशोब मिटवतात, त्याला आम्ही डे एंड म्हणतो, आणि त्यात अडकलेल्यांचे फोन संध्याकाळीच येतात. तो पाळीचा प्रकार तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. तिच्या पीजीत आठनंतर जेवण मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग आम्ही बसलो. तिनं वही काढली. उजवीकडच्या पानावर निळ्या शाईत चौदा प्रश्न लिहिलेले होते, क्रमांक घालून. त्यातला पहिला होता, ‘इथं सगळ्यांना सर-मॅडम म्हणायचं की नावानं हाक मारायची?’ चौथा, ‘डबा टेबलावर खाल्ला तर चालतो का?’ नववा अगदी कामाचा होता: ‘डे एंड झाल्यावर चुकलेलं व्हाउचर सापडलं तर कॅशियरला काय सांगायचं?’ याचं उत्तर एका वाक्याचं आहे. मिटलेल्या दिवसाला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी उलट नोंद टाकायची आणि मग बरोबर नोंद करायची. हे वाक्य मॅन्युअलच्या नव्वदाव्या पानाच्या पुढे कुठंतरी आहे. ती साठाव्या पानापर्यंत पोचली होती, रोज रात्री पीजीवर बसून, कारण मॅन्युअलमधलं काय आधी लागतं हे मी कुठंच लिहिलं नव्हतं.

चौदातले अकरा प्रश्न असे होते की मेलमध्ये एकेक ओळ असती तर ते पडलेच नसते. उरलेले तीन कामातून यायचेच, ते यावेतही.

त्या संध्याकाळी मी माझा मेल तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, यातलं कुठलं वाक्य तुमच्या उपयोगी पडलं? तिनं प्रामाणिकपणे शोधलं. ‘सुट्ट्यांची यादी’ एवढंच तिला सापडलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ‘फार अपेक्षा नाहीत’ या वाक्यावर घालवला. मी ते धीर देण्यासाठी लिहिलं होतं. तिच्या बाजूनं बघा. नवीन माणसाला पगार सुरू झालेला असतो, आजूबाजूचे सगळे फोनवर गुंतलेले असतात आणि आपण नुसतं बसून वाचतोय हे त्याला टोचत असतं. त्याला हवं असतं ते हे, की आज एवढं केलं म्हणजे पुरे झालं. ‘अपेक्षा नाहीत’ म्हटलं की पुरे कधी होतं तेच कळत नाही, मग माणूस स्वतःच एखादी अपेक्षा ठरवतो, आणि ती नेहमी खऱ्यापेक्षा मोठी असते. तिनं ठरवलं होतं की शुक्रवारपर्यंत मॅन्युअल संपायला हवं. आमच्या टीममध्ये ते मॅन्युअल आजवर कुणीही सलग वाचलेलं नाही.

‘कधीही विचारा’ची गत तीच. कधीही म्हणजे नेमकं कधी? मी फोनवर असताना? माझा दरवाजा लोटलेला असताना? समोरच्याला वेळ ठरवायला लावली की नवीन माणूस ती वेळ पुढेपुढे ढकलतो आणि प्रश्न वहीत साठत जातात. ‘सगळे मदत करतील’ यात तर आणखी एक चूक होती. मी टीममध्ये कुणालाच सांगून ठेवलं नव्हतं. तिच्या शेजारी बसणारा मुलगा मदत करेल असं मी गृहीत धरलं, आणि तो मंगळवार-बुधवार बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर होता. सुट्टी मंजूर करणारा मीच.

कागदपत्रांचाही घोळ झाला होता. मी लिहिलं ‘सगळी कागदपत्रं’. आमच्या आस्थापना विभागानं आठवडाभर आधी तिच्या खासगी मेलवर नेमकी यादी पाठवली होती. तिला वाटलं माझं ‘सगळी’ म्हणजे त्याहून काहीतरी जास्त, म्हणून मंगळवारी तिनं दहावीपासूनच्या मार्कशीट आणल्या. त्यात पीएफचा प्रश्न अडकला: आधीच्या नोकरीचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तिच्याकडे होता आणि इथं नवा काढावा लागतो की काय, अशी तिला शंका होती. तो एकदा मिळाला की नोकरी बदलली तरी तोच राहतो, नव्या ठिकाणी फॉर्म ११ मध्ये तोच लिहायचा असतो. पण हे सांगणं माझं काम नाही, आस्थापना विभागाचं आहे. त्या दिवसापासून मी माझ्या मेलमधून कागदपत्रांचा विषय काढून टाकला. दोन जागी दोन याद्या असल्या की नवीन माणूस दोन्ही खऱ्या धरतो.

ऑगस्टच्या शेवटी दुसरा सहकारी ठरला. गोंदियाचा मुलगा, पहिलीच नोकरी, नागपूरच्या महाल भागात मामाकडे राहणार होता. रुजू व्हायचा दिवस सोमवार, २ सप्टेंबर, म्हणजे पोळ्याचा दिवस. या वेळी मेल लिहायला बसण्याआधी मी चार गोष्टी उरकल्या. गेटवरच्या वहीत नाव घातलं. लॅपटॉप स्वतः चालू करून बघितला. आमच्याकडे सरावासाठी एक खोटी पतसंस्था असते, खातेदार-व्याज-ठेवी सगळं खऱ्यासारखं, फक्त पैसे खरे नाहीत. तिचं लॉगिन त्याच्या नावानं काढलं. आणि मेमध्ये आलेल्या त्याच मुलीला विचारलं, पहिला आठवडा त्याच्यासोबत तू राहशील का, रोज अर्धा तास जाईल, तेवढे फोन मी दुसरीकडे वळवतो. तोवर आमचं तू-तुम्ही मिटलेलं होतं. ती हो म्हणाल्यावरच तिचं नाव मेलमध्ये लिहिलं. या चारातली एक जरी राहिली असती तरी मेलमधलं तेवढं वाक्य खोटं ठरलं असतं.

मेल गुरुवारी, २९ ऑगस्टला दुपारी त्याच्या खासगी पत्त्यावर गेला. गुरुवार यासाठी की काही विचारायचं असेल तर शुक्रवारचा कामाचा दिवस हातात राहतो. रविवारी रात्री आलेल्या मेलला उत्तर द्यायला नवीन माणूस धजत नाही.

> नमस्कार,
>
> सोमवारी, २ सप्टेंबरला तुम्ही आमच्याकडे येताय, आम्ही वाट बघतोय. हा मेल फक्त पहिल्या आठवड्याबद्दल आहे. कागदपत्रांची यादी आस्थापना विभागानं पाठवली आहे, तेवढीच आणा. त्याबद्दल काही विचारायचं तर त्यांनाच विचारा.
>
> सोमवारी सकाळी दहाला या, त्याआधी घाई करू नका. महालातून येताना अग्रसेन चौक स्टेशनवरून मेट्रोनं सुभाषनगरला उतरा, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. तिथून ऑटो मिळतो. गेटवर तुमचं नाव लिहिलेलं आहे. तुम्हाला घ्यायला आपल्या टीममधली ताई खाली येईल, तिचा नंबर शेवटी दिला आहे. त्या दिवशी मी अकरापर्यंत बाहेर आहे.
>
> मंगळवारी मारबतीची मिरवणूक आहे. आपल्याला सुट्टी नाही, पण महाल-इतवारीतून निघणं त्या दिवशी अवघड जातं. तुम्ही दुपारी जेवण करून आलात तरी चालेल, कळवायची गरज नाही.
>
> आपली वेळ दहा ते साडेसहा. साडेसहानंतर काही जण बसलेले दिसतील, ती संध्याकाळची पाळी आहे. तुम्ही निघायचं. जेवण दीड ते सव्वादोन, बहुतेक जण डबा आणतात आणि मागच्या खोलीत एकत्र बसतात. सोमवारी तुमचा डबा आमच्याकडे. आमच्यात सर-मॅडमपेक्षा दादा-ताई जास्त चालतं.
>
> आठवडा असा असेल. सोमवारी लॅपटॉप, ओळखी आणि जेवण, बाकी काही नाही. मंगळवारी ताईच्या शेजारी बसून फोन ऐकायचे, बोलायचं नाही. बुधवारी सरावाच्या पतसंस्थेत दोन खाती उघडायची, दहा व्हाउचर टाकायची आणि डे एंड करून बघायचा. गुरुवारी मी तीन जुन्या तक्रारी देईन, त्या कशा सुटल्या ते स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहायचं. शुक्रवारी एक खरी तक्रार ताईसोबत बसून सोडवायची. एवढं झालं की आठवडा पूर्ण झाला.
>
> या आठवड्यात एकट्यानं फोन उचलायचा नाही. खऱ्या पतसंस्थेच्या डेटाला हात लावायची परवानगी पहिले दोन आठवडे कुणालाच नसते, त्यामुळे तुमच्या हातून कुणाचा हिशोब बिघडेल ही भीती ठेवू नका. मॅन्युअल आत्ता वाचू नका. त्यातली लागणारी पाच पानं बुधवारी देतो.
>
> रोज चार ते सव्वाचार मी तुमच्यासाठी मोकळा आहे. प्रश्न असो-नसो, या.

हा मेल पहिल्यापेक्षा बराच लांब आहे. मेल आटोपशीर हवा असं आपण सगळेच म्हणतो, आणि टीममधल्या जुन्या माणसाला लिहिताना ते बरोबरच आहे. त्याला संदर्भ माहीत असतात. नवीन माणसाकडे संदर्भच नसतात, म्हणून त्याच्या मेलमध्ये ओळी जास्त लागतात आणि जोडलेल्या फाइल्स कमी. या मेलला एकही फाइल जोडलेली नव्हती.

दुसरं, यात स्वागताचं वाक्य एकच आहे, पहिलं. कुटुंब वगैरे मी मुद्दाम काढलं. सोमवारी तुमचा डबा आमच्याकडे, हे लिहिल्यावर त्याची गरज उरली नाही. मेच्या मुलीनं पहिल्या दिवशी एकटीनं बिस्किटं खाल्ली होती, ते तिनंच सांगितलं, आणि डब्याची ओळही तिनंच घालायला लावली.

‘तुम्ही’ ठेवलं याचं कारणही सांगतो. मुलाखतीत मी त्याला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. मेलमध्ये ‘तू’वर आलो असतो तर त्याला वाटलं असतं, नोकरी नक्की झाल्यावर सूर बदलला. ‘तू’ यायचं तर ते समोरासमोर, चहा पिताना येऊ दे. कागदावर आधी आलं की त्यात हुकूम दिसतो.

शुक्रवारी सकाळी त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: मामेबहिणीच्या स्कूटीवरून यायचं ठरलं तर गाडी कुठं लावायची? असा प्रश्न येणं ही मेल नीट पोचल्याची खूण मी धरतो. ‘धन्यवाद सर, भेटूया’ एवढंच आलं असतं तर मी फोन केला असता. पार्किंगची ओळ पुढच्या मेलसाठी लिहून ठेवली.

आठवडा बराचसा ठरल्यासारखा गेला. मंगळवारी तो दीडला आला, अंगावर गुलाल होता, कुणी काही म्हटलं नाही. पण दोन जागी हा मेलही कमी पडला.

पहिली जागा शुक्रवारची. खरी तक्रार सोडवायची असं मी लिहून बसलो, पण तक्रारी आपल्या वेळापत्रकानं येत नाहीत. त्या शुक्रवारी सकाळपासून व्याजाच्या दरातल्या गुंतागुंतीचेच फोन होते, जे आमच्या जुन्या लोकांनाही तास-तास लागतात. तो तीन वाजेपर्यंत वाट बघत बसला. शेवटी एका क्लार्कचा पासबुक छापताना ओळी खाली सरकण्याचा फोन आला, तो दोघांनी मिळून सोडवला. आता मी गुरुवारीच एखादी साधी, घाईची नसलेली तक्रार त्या पतसंस्थेला विचारून बाजूला ठेवतो.

दुसरी जागा बुधवारची, आणि ती मला जास्त लागली. सरावाच्या पतसंस्थेत त्याचा डे एंड होईना. रोख शिल्लक जुळत नव्हती, फरक ५४० रुपयांचा. तो अकरापासून दहाही व्हाउचर पुन्हापुन्हा तपासत होता. चार वाजून गेले तरी माझ्याकडे आला नाही. साडेचारला मीच उठून गेलो. मुरलेला कॅशियर फरक बघितला की आधी त्याला नऊनं भागतो. निःशेष भाग गेला तर दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. ५४० ला नऊनं भाग जातो, साठ येतात. मी म्हटलं, आकडे उलटे पडलेत का बघ. पाच मिनिटांत सापडलं: १,८२० च्या जागी १,२८० टाकले होते.

ही युक्ती त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण तो आला का नाही? मी विचारलं, तर म्हणाला, ‘मेलमध्ये लिहिलं होतं की बुधवारी डे एंड करायचा. झाला नव्हता, मग काय तोंडानं येणार?’

म्हणजे मे महिन्यात अपेक्षा न लिहिल्यानं जे झालं, त्याचा एक तुकडा सप्टेंबरमध्ये अपेक्षा लिहूनही उरला. वेळापत्रक दिलं की ते चुकल्यावर काय करायचं हेही द्यावं लागतं, नाहीतर त्याचा धाक बसतो. आम्ही तिघांनी, मी, ती आणि तो, दुसऱ्या सोमवारी चार वाजता बसून बुधवारच्या ओळीपुढे आणखी एक वाक्य जोडलं. शब्द त्याचे आहेत: ‘डे एंड बहुतेक पहिल्यांदा जुळत नाही. नाही जुळला तर फरकाचा आकडा कागदावर लिहून चार वाजता घेऊन या, तो कागद म्हणजेच बुधवारचं काम.’